दप्तर भरलं का?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड गावांत २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला वेगळं महत्त्व असतं. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ग्रामसभांचे ठरलेले दिवस आहेत. त्यांतला ऑक्टोबरचा दिवस येतो तेव्हा मुकादमाची उचल घरात आलेली, बरीचशी खर्चही झालेली असते. दसरा-दिवाळीच्या आगेमागे ट्रक आणि ट्रॅक्टर गावात येतील आणि टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतील. पुढचे पाच-सहा महिने निम्मं गाव कुलूपबंद. सहावी-सातवीतली मुलगी गावात राहणार की आईबापाबरोबर फडावर जाणार, हे याच थोड्या दिवसांत ठरतं. जानेवारीतल्या बालिका दिनाला याच मुलीसाठी पथनाट्य केलं, तर ते बघायला तिचे आईबाप गावात नसतात.

म्हणून मुलींच्या शिक्षणावरचं पथनाट्य इथे करायचं तर २ ऑक्टोबरला, सभा सुरू होण्याआधी. हा लेख त्या नाटकाच्या फक्त पहिल्या दोन मिनिटांबद्दल, म्हणजे सुरुवातीच्या कवनाबद्दल आहे. माझ्या मते गावातलं पथनाट्य तिथेच उभं राहतं किंवा पडतं. पुढचे प्रवेश कितीही चांगले बसवलेले असोत, सुरुवातीला पारावरची माणसं उठून आली नाहीत, तर कलाकार एकमेकांकडे बघूनच नाटक करतात.

कवनाचं पहिलं काम म्हणजे जागा तयार करणं. पथनाट्याला पडदा नाही, घंटा नाही. डफ किंवा हलगी वाजते, पोरं धावत येतात, त्यांच्यामागून बाया दाराशी येतात आणि पुरुष जिथे असतात तिथूनच मान वळवतात. या वेळात शब्द कुणाच्याच कानात नीट शिरत नाहीत. जाणकार शाहीर म्हणूनच पहिली ओळ दोनदा, कधी तीनदा घेतो आणि तीत महत्त्वाचं काही ठेवत नाही. नवशिके नेमका इथेच सगळा मजकूर ओततात. सावित्रीबाईंचं नाव, १८४८ साल, भिडेवाडा, सगळं पहिल्याच कडव्यात, आणि तेव्हा अजून कुत्री भुंकत असतात.

तमाशात हे काम गण करत आला. गणाने मंडळी स्थिर व्हायची, मग गौळण, बतावणी आणि शेवटी वग. सत्यशोधक जलशांनी हाच साचा उचलला आणि त्यात शिक्षणाचा, जातिभेदाविरुद्धचा मजकूर भरला. आंबेडकरी जलशांनी तो आपल्या चळवळीसाठी वापरला. अण्णाभाऊ साठ्यांनी तर गणातला गणपतीच हलवला आणि तिथे मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणलं. आरंभाची जागा तशीच ठेवायची, वंदन कुणाला करायचं तेवढं बदलायचं, ही रीत म्हणजे आपल्याकडची जुनी आणि चांगली कमाई आहे. पण ग्रामसभेपुढच्या कवनात वंदन मुळीच ठेवू नये असं मला वाटतं. वंदन आलं की लोक हात जोडतात, माना खाली घालतात आणि ऐकणं थांबवतात. शिवाय सभेत सगळे गट बसलेले असतात. पहिलं नाव कुणाचं घेतलं, यावरून तिथेच कुजबुज सुरू होते.

मग घ्यायचं काय? ऐकणाऱ्याच्या घरात या घडीला जे चाललं आहे तेच. ऑक्टोबरात त्या घरात सामानाची बांधाबांध चाललेली असते. सहा महिन्यांचा संसार ट्रकमध्ये चढवायचा असतो, आणि काय घेतलं, काय राहिलं, याची उजळणी नवराबायको दिवसातून चारदा करतात. ही उजळणीच कवनात घेता येते. समजावून सांगण्यासाठी मी एक रचून दाखवतो. डफवाला विचारतो, झीलकरी उत्तर देतात:

गव्हाजवारीची गोणी — भरली का? — भरली!
तवा परात घागर — भरली का? — भरली!
पाल ताडपत्री दोरी — बांधली का? — बांधली!
शेळी कोंबडी करडू — चढवलं? — चढवलं!
कोयत्याला नवी धार — लावली का? — लावली!
आणि पोरीचं दप्तर — भरलं का?

इथे झील थांबते. डफावर एकच थाप, आणि मग सगळे मिळून:

दप्तर ऱ्हाऊ द्या घरी, पोर ऱ्हाऊ द्या शाळंत,
उचल बाप फेडील, पोर हिशेब वाचील!

प्रश्नाची प्रत्येक ओळ आठ अक्षरांची आहे. उघड्यावर, माइकशिवाय, चालत्या डफावर म्हणायला आठ अक्षरं सोयीची पडतात, कारण एका श्वासात ओळ संपते आणि उत्तराला जागा उरते. ओवी बायांच्या ओठांवर असते खरी, पण ती लांबवत म्हणायची, जात्याच्या फेऱ्याने चालणारी. हलगीच्या ठेक्यावर तिला ओढली तर तिचाही जीव जातो आणि ठेक्याचाही. पोवाड्याची चाल जोरकस असली तरी तीत गर्दीला उत्तर द्यायला फट राहत नाही, आणि या कवनाची सगळी भिस्त त्या उत्तरावर आहे.

तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोरं झीलकऱ्यांच्या बरोबरीने ओरडू लागतात, पाचव्यापर्यंत बायाही. ‘लावली!’ म्हणायची सवय तोंडाला लागलेली असताना सहावा प्रश्न येतो आणि झीलकरी गप्प बसतात. गर्दीतून एक-दोन पोरं सवयीने ‘भरलं!’ म्हणतात, कुणीतरी हसतं, आणि ज्यांच्या घरात दप्तर खुंटीला अडकवलेलं आहे त्यांना आपला नंबर आल्याचं कळतं. ही शांतता तीन-चार मात्रांपेक्षा जास्त ताणू नये. ताणली की ती बोट दाखवल्यासारखी होते. तालमीत सर्वांत जास्त वेळ या एका थापेवर जातो, कारण डफवाल्याचा हात सवयीने पुढे पळतो.

शेवटच्या दोन ओळींवर थोडं थांबतो. ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’ हे त्या गावाने भिंतीवर पुष्कळदा वाचलेलं आहे, आणि त्याला कुणाचा विरोधही नाही. अडचण व्यवहाराची आहे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, या हिशेबाने मुकादम उचल देतो. मुलगी बरोबर असली तर कोपीवर धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, वाढे बांधू लागते. ती नसली तर हे काम आईवर पडतं आणि मोळ्या कमी निघतात. तिला मागे ठेवायचं तर कुणाच्या भरवशावर, हा दुसरा प्रश्न. या काळजीपोटी लवकर लग्न उरकलं की नवी जोडी होते, म्हणजे आणखी एक कोयता. या गणिताला कवनाने उत्तर द्यायचं तर त्याच गणितातलं द्यायला हवं. हंगाम संपल्यावर मुकादमाच्या वहीत किती टन लागले, किती उचल फिटली आणि किती बाकी पुढच्या सालावर गेली, हे वाचणारं माणूस घरात नसणं म्हणजे काय, हे प्रत्येक टोळीवाल्याला ठाऊक असतं. ‘पोर हिशेब वाचील’ ही ओळ तिथे लागते. सभेत मुकादमही बसलेला असतो, म्हणून तिथे वहीचं किंवा मुकादमाचं नाव घेतलेलं नाही. ते न घेताही सगळ्यांना कळतं, आणि भांडण होत नाही.

आईला दोष देणारी ओळ या कवनात येऊ देऊ नये. मुलींच्या शिक्षणावरच्या कितीतरी पथनाट्यांत पहिल्याच कडव्यात आई पोरीच्या हातात केरसुणी देते आणि लोक हसतात. समोर बसलेली बाई मात्र त्या क्षणी उठून निघून जाते. तिच्या कामाचा भार खरा आहे, आणि शेवटी पोरीला मागे ठेवायला घरात हट्ट धरणारीही पुष्कळदा तीच असते. वरच्या कवनात म्हणूनच प्रश्न सामानाचे विचारले आहेत, माणसांचे नाहीत.

चामड्याच्या वाद्याचं तंत्रही सांभाळावं लागतं. हलगीचं कातडं ओलाव्याने सैल पडतं आणि आवाज बद्द होतो. १५ ऑगस्टच्या सभेला तर हे हमखास घडतं. वाजवण्याआधी पाचट किंवा कागद पेटवून जाळावर कातडं फिरवतात, मधूनच बोटाने टिचकी मारून बघतात, आणि टणक आवाज आला की थांबतात. जास्त शेकलं तर कातडं तडकतं. हल्ली फायबरच्या हलग्या मिळतात, त्यांना हा त्रास नाही, आवाजही लांब जातो. पण त्या आवाजात शब्द बुडतात, म्हणून प्रश्नाच्या ओळीला काडी हळू धरायची आणि उत्तराला मोकळी सोडायची.

माइक मिळाला तरी तो कवनाला घेऊ नये. एकाच्या हातात माइक आला की बाकीचे झीलकरी मुके होतात आणि लोक उत्तर द्यायचं सोडून ऐकत बसतात. उभं राहण्याची जागाही बघून घ्यावी. ग्रामपंचायतीसमोर पुरुष ओट्यावर आणि बाया लांब भिंतीच्या सावलीला, अशी बैठक बहुतेक ठिकाणी असते. नट ओट्याकडे तोंड करून उभे राहिले तर बायांना पाठच दिसते. दोन झीलकरी आधीच बायांच्या बाजूला पाठवून ठेवले की पहिलं ‘भरली!’ तिकडून उठतं. सर्वसाधारण ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती खरोखर घेतली गेली असेल तर कवन तिथे एकदा म्हणून घ्यावं, म्हणजे दुसऱ्या वेळी बायांना उत्तरं पाठ असतात. ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांत जी संख्या कमी ती लागते. हलगीने माणसं गोळा झाली तर ग्रामपंचायत अधिकारीही पथकावर खूश असतो.

या कवनाची मर्यादाही सांगायला हवी. ‘पोर ऱ्हाऊ द्या शाळंत’ म्हटल्यावर समोरचा बाप विचारणार, रात्री कुठं राहू द्या? स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवण्याची सोय आहे, आणि ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. पण त्यासाठी मुलांची यादी वेळेत वर जावी लागते. यादी गेलेली नसेल, जेवणाचं कोण बघणार हे ठरलेलं नसेल, तर कवन म्हणू नये. लोक पुढच्या वर्षी हलगी ऐकूनही उठणार नाहीत. म्हणून पथकाने आठवडाभर आधी मुख्याध्यापकांना भेटावं, वसतिगृहाचा विषय सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावावा आणि नाटक संपताच तोच विषय पुकारला जाईल असं बघावं. ज्या कुटुंबाला मुलीला न्यावंच लागणार आहे त्याला शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत तिला बसता येतं. अशी घरं जास्त असतील तर शेवटची जोडओळ बदलावी लागते. तेव्हा दप्तर गाडीत चढायला हवं, आणि सहाव्या प्रश्नाला झीलकऱ्यांनी गप्प न बसता ‘भरलं!’ म्हणायला हवं.

ऊसतोड नसलेल्या गावात हे कवन जसंच्या तसं नेऊन उपयोग नाही. तिथे बहुधा गावची शाळा सातवी-आठवीला संपते आणि प्रश्न असतो पुढच्या गावाला जाण्याच्या रस्त्याचा. एसटीचा मोफत पास आहे, काही तालुक्यांत मानव विकासच्या निळ्या बस आहेत, पण संध्याकाळची गाडी चुकली की मुलगी फाट्यावर अडकते, आणि तसं दोनदा झालं की तिसऱ्या दिवशी तिला घरी ठेवतात. त्या गावासाठी प्रश्न गाडीच्या वेळांचे करावे लागतील: सकाळची आली का, दुपारची आली का, पाचची आली का. आणि त्या सभेला एसटीच्या आगाराला पाठवायचा ठराव आधीच लिहून न्यावा लागेल.