दोनशे पौंडांचे पत्र

जून उजाडला की कोल्हापुरात गुणगौरवाचा हंगाम सुरू होतो. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, २६ जूनची शाहू जयंती तोंडावर आलेली असते, आणि संस्था, ट्रस्ट, तालीम मंडळे गुणवंतांना शिष्यवृत्तीचे धनादेश देतात. वर्षभराने त्या मुलांकडून आभारपत्रे येतात. बहुतेकांत तोच मजकूर असतो: आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल ऋणी आहे, आपले उपकार विसरणार नाही. पैसे कशावर खर्च झाले, शिक्षण कुठवर आले, पुढे काय अडले आहे, याची एक ओळही त्यात नसते.

ज्या राजाच्या नावाने हा हंगाम भरतो, त्याला लंडनहून आलेले एक पत्र या मुलांनी आणि त्याहून अधिक देणगीदारांनी समजून घ्यायला हवे. तारीख ४ सप्टेंबर १९२१, लिहिणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. माणगाव परिषदेची गोष्ट वाचकांना पाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही. परिषदेनंतर चार महिन्यांच्या आत, जुलै १९२० मध्ये, आंबेडकर अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला निघाले. या खेपेला बडोद्याची शिष्यवृत्ती नव्हती. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून मागे टाकलेली रक्कम, नवल भथेना या मित्राकडून घेतलेले ५००० रुपये आणि शाहू महाराजांनी दिलेले १५०० रुपये, एवढ्यावर सगळी भिस्त होती.

सव्वा वर्षाने लिहिलेल्या या पत्रात ते महाराजांकडे २०० पौंड मागतात. त्यातले १०० पौंड बॅरिस्टरीच्या फीसाठी, १०० पौंड परतीच्या प्रवासासाठी. रक्कम कर्जाऊ हवी आहे, आणि मायदेशी आल्यावर ती व्याजासह फेडू, असे ते स्वतःहून कबूल करतात. अडचणीचे कारणही स्पष्ट आहे: रुपयाचा भाव पडल्याने हिशेब कोलमडला.

हे कारण किती खरे होते, ते आकड्यांनी पाहता येते. तेव्हा पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स होत. १९२० च्या फेब्रुवारीत रुपयाचा भाव सुमारे २ शिलिंग १० पेन्सांपर्यंत चढला होता. या भावाने १५०० रुपयांचे २१२ पौंड होतात. मग घसरण सुरू झाली. आंबेडकर निघाले तेव्हाच भाव बराच उतरला होता आणि १९२१ च्या सुरुवातीला तो १ शिलिंग ३ पेन्सांच्या आसपास आला. आता त्याच १५०० रुपयांचे ९४ पौंडसुद्धा होत नाहीत. देणाऱ्याने एक रुपयाही कमी दिला नव्हता, घेणाऱ्याने एक रुपयाही उधळला नव्हता, तरी बाजारभावाने निम्म्याहून अधिक रक्कम गिळली. रुपयात पैसे बांधून पौंडात खर्च करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचे तेव्हा हेच झाले. आंबेडकर ज्या प्रश्नावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहीत होते, तो प्रश्न रुपयाच्या विनिमयाचाच होता. हा प्रबंध डिसेंबर १९२३ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने पुस्तकरूपात आला.

मला या पत्रात सर्वांत मोलाची वाटते ती त्याची बैठक. मदत घेणारा तीस वर्षांचा विद्यार्थी छत्रपतींना लिहितो आहे. मान राखलेला आहे, संबोधन राजाला शोभेल असे आहे, पण दैन्य कुठेच नाही. रक्कम ठरलेली आहे, तिची फोड आहे, परतफेडीचा शब्द आहे. शेवटी ते महाराजांच्या प्रकृतीची चौकशी करतात आणि भारतात पाय रोवू लागलेल्या सामाजिक लोकशाहीच्या चळवळीचे तुम्ही आधारस्तंभ आहात, आम्हाला तुमची गरज आहे, असे कळवतात. म्हणजे आभार मानले आहेत ते पैशांपेक्षा मोठ्या गोष्टीचे. देणारा आणि घेणारा एकाच कामात आहेत हे गृहीत धरून ते लिहितात. लंडनमध्ये भारतमंत्री माँटेग्यू यांच्याशी ब्राह्मणेतर प्रश्नावर झालेले बोलणेही त्यांनी महाराजांना कळवले होते. इथे प्रगतीचा अहवाल गुणपत्रिकेपुरता राहत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये एम.एस्सी. पदवी मिळाली होती, पण महाराजांना ज्याची आस होती ते काम लंडनमध्ये बसूनही चालू आहे, हे त्यांना समजणे अधिक महत्त्वाचे होते.

६ मे १९२२ रोजी महाराज गेले. आंबेडकरांनी लंडनच्या वर्तमानपत्रात ती बातमी वाचली आणि त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांना सांत्वनाचे पत्र पाठवले. आपण एक व्यक्तिगत मित्र गमावला आणि अस्पृश्यांनी आपला सर्वांत मोठा हितकर्ता गमावला, असा त्याचा आशय होता. ‘मित्र’ म्हणण्याइतकी जवळीक देणाऱ्याने ठेवली होती, म्हणून घेणाऱ्याला ते म्हणता आले. दुसरे दाते बडोद्याचे सयाजीराव. १९१३ साली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन त्यांनी आंबेडकरांना कोलंबियाला पाठवले. त्यांचे ऋण १९२५ साली फेडले गेले ते प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ त्यांना अर्पण करून. अर्पणपत्रिकेत शिक्षणाला केलेल्या मदतीचा स्पष्ट उल्लेख आहे. बारा वर्षांनी दिलेला तो कामाचा हिशेबच होता.

आता आजच्या पत्राकडे येऊ. समजा, गगनबावड्याची एक मुलगी कोल्हापुरात डिप्लोमा करते आणि तिला एका ट्रस्टने ३० हजार रुपये दिले. तिने असे लिहावे: खानावळीला १८ हजार गेले, एस.टी.च्या पासाला आणि परीक्षा फीला ७ हजार, पुस्तके आणि ड्रॉइंगच्या साहित्याला ५ हजार. सकाळचे दुकानातले काम सोडता आले, म्हणून प्रॅक्टिकल चुकली नाहीत. गणित हा एक विषय राहिला आहे, तो हिवाळी परीक्षेत देणार आहे. पुढच्या वर्षी खानावळ महागणार आहे, तेवढी सोय झाली तर शिक्षण अडणार नाही. पत्र एका पानाचे होईल. ते वाचून ट्रस्टला कळेल की आपली रक्कम फीपेक्षा जेवणावर अधिक लागते, आणि पुढच्या मुलीसाठी योजना कशी बदलायची. राहिलेला विषय लपवला तर मात्र पत्राचा उपयोगच संपतो. सगळे उत्तम चालले आहे असे सांगणारे पत्र खरे की खोटे ते ओळखायची एक सोपी खूण आहे: खोट्या पत्रात एकही आकडा आणि एकही अडचण नसते.

पण दोष मुलांवर ढकलून चालणार नाही. छापील नमुना देऊन ‘यावर सही कर’ म्हणणारे दातेच आहेत. व्यासपीठावर मुलाच्या घरची गरिबी वाचून दाखवणारेही आहेत. अशा वागणुकीनंतर मुलगा खरी अडचण कळवेल कशी? आणि एक भेद पक्का ध्यानात ठेवावा. सरकारी शिष्यवृत्ती हा हक्क आहे. तिच्यासाठी कोणापुढेही आभाराचा कागद धरायची गरज नाही. ती वेळेवर न मिळाल्यास तक्रारीचा अर्ज करावा. आभारपत्र फक्त त्याला, ज्याने स्वतःच्या खिशातून दिले.

म्हणून दात्यांना विनंती आहे. यंदा धनादेशासोबत छापील आभारपत्र देऊ नका. त्याऐवजी तीन प्रश्न द्या: पैसे कशावर गेले, काय जमले, काय अडले? आलेल्या उत्तराला पंधरा दिवसांत स्वतःच्या हाताने उत्तर लिहा. आणि मुलामुलींनो, २०० पौंड मागताना आंबेडकरांनी त्यांची फोड दिली होती. तुम्हीही द्या.