एक तार, एक गोळी

काजूकतलीचे जिन्नस तीनच: काजू, साखर आणि पाणी. शेवटी चमचाभर साजूक तूप, हवी तर वेलची किंवा केशर. खवा नाही, पीठ नाही, तळण नाही. तरीही दिवाळीच्या आधी अनेक घरांत एकच तक्रार ऐकू येते. कुणाचा गोळा लाटण्याला चिकटून बसतो, तर कुणाचा लाटायला घेतला की कडेनं फाटत जातो आणि शेवटी भुगा होतो. या दोन्ही तक्रारी एकाच गोष्टीच्या आहेत. पहिलीच्या गोळ्यात पाणी जास्त राहिलं आणि दुसरीच्या गोळ्यात कमी पडलं. काजूकतली करणं म्हणजे गोळ्यातलं पाणी नेमक्या जागी आणून थांबवणं. त्यासाठी दोन परीक्षा आहेत: पाकाची तार आणि गोळ्याची गोळी.

पाव किलो काजूचा हिशेब घेऊ. काजू २५० ग्रॅम, साखर १२५ ग्रॅम, म्हणजे वजनानं काजूच्या निम्मी. पाणी ६० मिली, म्हणजे पाव कप. कतलीसाठी अख्खे, मोठे, महाग काजू घ्यायची गरज नाही. पाकळी किंवा तुकडा चालतो, कारण त्याची पूडच करायची आहे. मात्र तो भाजलेला किंवा खारवलेला नसावा आणि त्याला जुना, खवट वास नसावा.

पूड करताना पहिली काळजी तेलाची. काजूच्या वजनात जवळजवळ निम्मं तेल असतं. मिक्सर सलग फिरवला की भांडं तापतं, तेल सुटतं आणि पूड तळाशी लगद्यासारखी बसते. असा लगदा पाकात घातला की कतली तेलकट होते. म्हणून थोडे थोडे काजू घ्यायचे, मिक्सर दोन-तीन सेकंद फिरवून थांबवायचा, भांडं हलवायचं, पुन्हा फिरवायचा. पूड चाळायची, वर राहिलेली कणी पुन्हा फिरवायची. काजू फ्रिजमध्ये ठेवले असतील तर आधी बाहेर काढून ते पूर्ण नेहमीच्या तापमानाला येऊ द्यायचे, नाहीतर त्यांच्यावर दव धरतं आणि तेवढं पाणी हिशेबाबाहेर गोळ्यात जातं.

आता पाक. साखर आणि पाणी जाड बुडाच्या कढईत एकत्र करायचं. साखर पूर्ण विरघळेपर्यंत आच मंद ठेवून ढवळायचं, मग मध्यम आचेवर उकळी येऊ द्यायची. एकदा उकळायला लागला की पाक फारसा ढवळायचा नाही. कढईच्या कडेला साखरेचे कण चिकटलेले असतील तर ते ओल्या बोटानं किंवा ब्रशनं खाली घ्यायचे, कारण तेच कण पुढे पाकात साखरेची कणी धरतात.

पाकाला एकतारी म्हणायचं कधी? माझी आत्या दर दिवाळीला कतली करायची, तिच्याकडे मी हे शिकले. पहिल्यांदा मी पाक बघत उभी होते आणि आच तशीच चालू होती. तार बघायला मी थेंब बोटांत घेतला, पुन्हा घेतला, तिसऱ्यांदा घेतला, तेवढ्यात पाक पुढे गेला. त्या दिवशीची कतली लाटता आली नाही, चुरा झाला. आत्या एवढंच म्हणाली, ‘‘अगं, पाक काही तुझ्यासाठी थांबत नाही. आधी गॅस बारीक कर, मग तार बघ.’’ तेव्हापासून तार बघताना मी कढई आचेवरून बाजूलाच करते.

परीक्षा अशी. पाकाचा एक थेंब स्टीलच्या ताटलीवर टाकायचा, चार-पाच सेकंद थांबायचं. मग तो अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून बोटं हळूच दूर न्यायची. बोटं नुसतीच चिकट वाटली आणि तार आली न आली तोच तुटली, तर पाक कच्चा आहे. एक बारीक तार साधारण सेंटीमीटरभर ताणून टिकली, तर तो एकतारी. दोन तारा दिसायला लागल्या, तर पाक कतलीच्या पलीकडे गेला. साठ मिली पाण्याच्या पाकाला उकळी आल्यावर हे सगळं तीन-चार मिनिटांत होतं, म्हणून या वेळी फोन घ्यायचा नाही की दुसऱ्या कढईकडे जायचं नाही.

एकतारी पाकात ढोबळमानानं पाच भागांतले चार भाग साखर असते आणि एक भाग पाणी. म्हणजे आपल्या ६० मिली पाण्यापैकी सुमारे निम्मं उडालेलं असतं. घरात वजनकाटा असेल तर याचा उपयोग होतो. रिकाम्या कढईचं वजन आधी करून ठेवायचं, पाक झाल्यावर कढई पुन्हा काट्यावर ठेवायची. कढईचं वजन वजा करून १५५ ते १६० ग्रॅमच्या आसपास आकडा आला, तर पाक जागेवर आहे. काटा गरम कढई सोसेल ना, एवढं मात्र आधी बघावं, खाली लाकडी पाट ठेवून काटा शून्यावर आणावा.

काही जण पाकासाठी तापमापक वापरतात. समुद्रकाठी, रत्नागिरीला, एकतारी पाक एका ठरावीक तापमानाला मिळतो. पण पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथं पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून तोच पाक पुण्यात साधारण दोन अंश आधी तयार होतो आणि रत्नागिरीच्या आकड्याची वाट बघणारीचा पाक पुढे जातो. बोटांतल्या तारेला मात्र उंचीशी देणंघेणं नसतं.

पाक पुढे गेलाच, तर तो दुरुस्त करायची हीच वेळ. काजूची पूड घालण्याआधी त्यात दोन चमचे पाणी घालायचं, साखर पुन्हा विरघळू द्यायची आणि पाक परत एकतारीला आणायचा. काहीही वाया जात नाही. गुलाबजामच्या पाकात साखर धरू नये म्हणून आपण लिंबाचे थेंब घालतो, तसे इथं घालू नयेत. लिंबामुळे साखर पुन्हा धरत नाही, आणि कतलीला तर ती बारीक बारीक धरायलाच हवी. थंड होताना पाकातली साखर डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत घट्ट होते, म्हणून कतली आकार धरते. लिंबू घातलं तर ती मऊ आणि चिकटच राहते.

एकतारी पाक तयार झाला की आच मंद करून सगळी पूड एकदम घालायची आणि गुठळ्या मोडत ढवळायचं. सुरुवातीला मिश्रण सैल, धिरड्याच्या पिठासारखं दिसेल. ते बघून बऱ्याच जणी घाबरतात आणि जास्त पूड घालतात. तसं करू नये. काजूत स्टार्च असतो, तो गरम पाकातलं पाणी शोषून फुगतो आणि मिश्रण आपोआप दाटतं. उरलेलं काही पाणी वाफेनं जातं. सहा ते आठ मिनिटांत मिश्रण कढईची कड सोडतं आणि उलथण्याभोवती गोळा होऊ लागतं.

इथून पुढे डोळ्यांवर विसंबायचं नाही, दुसरी परीक्षा करायची. मटारच्या दाण्याएवढं मिश्रण ताटलीवर काढायचं आणि अर्धा मिनिट थांबायचं. गरम असताना त्याला हात लावू नये, कारण गरम मिश्रण नेहमीच चिकट लागतं आणि त्या चिकटपणाला फसून आपण ते जास्त शिजवतो. कोमट झालं की बोटांत वळायचं. बोटांना लागलं आणि गोळी बसकी झाली, तर आणखी एक मिनिट शिजवून पुन्हा बघायचं. गोळी गुळगुळीत वळली, बोटं कोरडी राहिली आणि गोळीवर हलकी चमक आली, तर त्याच क्षणी आच बंद. गोळी वळताना तडे गेले, तर मिश्रण पुढे गेलं आहे.

आच बंद करताना कढईतला गोळा आपल्याला हवा त्यापेक्षा थोडा मऊच असायला हवा. निवताना तो घट्ट होणार आहे. कढईतच तो वडीसारखा घट्ट झाला असेल, तर लाटेपर्यंत तो फुटायला लागेल. म्हणून एक चमचा तूप घालून, फिरवून, गोळा लगेच तूप लावलेल्या ताटात काढायचा. कढई खाली उतरवली तरी तिच्या बुडातली उष्णता शिजवणं थांबवत नाही.

हाताला सोसेल इतका निवला की गोळा मळायचा. एक-दोन मिनिटं पुरतात. खरखरीत गोळा हाताखाली मऊ, एकसंध होतो. त्यापलीकडे मळत राहिलं तर काजूचं तेल वर यायला लागतं आणि हात तेलकट होतात, म्हणजे थांबायची वेळ झाली. मग बटर पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये गोळा ठेवून गरम असतानाच लाटायचा, जाडी साधारण पाच मिलिमीटर. कडेला बारीक भेग दिसली तर बोटानं दाबून घ्यायची. वरचा कागद काढून दहा मिनिटं निवू द्यायचं आणि धारदार सुरीनं शंकरपाळ्याच्या आकारात कापायचं.

इतकं करूनही गोळा बिघडला तर दोन उपाय आहेत. चिकट असेल तर तो परत कढईत घालून मंद आचेवर एक-दोन मिनिटं परतायचा आणि गोळी पुन्हा बघायची. कोरडा पडून फुटत असेल तर एक चमचा कोमट दूध शिंपडून, मंद आचेवर जरासा गरम करून पुन्हा मळायचा. लागलंच तर आणखी एक चमचा, एकदम ओतायचं नाही. दूध घातलेली कतली मात्र फार दिवस ठेवू नये, दोन-तीन दिवसांत संपवावी. पाक फारच पुढे गेला असेल आणि साखर दाण्यांसारखी धरली असेल, तर दुधानंही ती गुळगुळीत होत नाही. म्हणूनच दुरुस्तीची खरी जागा पाकाशी, पूड घालण्याआधीची.

दुसऱ्या दिवशी एक कतली हातात घेऊन बघा. दोन्ही टोकांना धरून हलकेच वाकवली की ती आधी किंचित वाकायला हवी आणि मग तुटायला हवी. नुसतीच वाकत राहिली तर पाणी जास्त होतं, न वाकता कडकन तुटली तर कमी होतं. पुढच्या वेळी पाक किती आधी थांबवायचा की आणखी किती न्यायचा, हे त्या एका तुकड्यावरून कळतं.