न आलेल्या डॉलरचा नफा

28 मार्च 2025 हा त्या आर्थिक वर्षातला परकीय चलन बाजाराच्या कामकाजाचा शेवटचा दिवस ठरला. पुढचे दोन दिवस शनिवार-रविवार, त्यातच रविवारी गुढीपाडवा, आणि सोमवारी 31 मार्चला ईदची सुट्टी. त्या शुक्रवारी डॉलरचा संदर्भ दर 85.58 रुपयांच्या आसपास जाहीर झाला. परदेशी ग्राहकाकडून पैसे यायचे बाकी असलेल्या हजारो निर्यातदारांच्या हिशेबात या एका आकड्याने नफा किंवा तोटा उभा केला. त्या दिवशी बँकेत एक रुपयाही आला नव्हता, तरीही.

हे कसे घडते ते एका उदाहरणातून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातले दर त्या काळातल्या बाजाराच्या जवळचे आहेत. कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीने डिसेंबर 2024 च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ग्राहकाला 50,000 डॉलरचे कास्टिंग पाठवले. पैसे चार महिन्यांनी मिळायचे होते. बिलाच्या दिवशी डॉलर 84.70 रुपये होता, म्हणून विक्री 42,35,000 रुपयांची नोंदली गेली आणि तेवढेच येणे ग्राहकाच्या नावावर चढले. फेब्रुवारीत डॉलर 87 रुपयांच्या वर गेला, पण हिशेबाच्या दृष्टीने ते मधले चढउतार निरर्थक. बघायचे ते वर्षअखेरीच्या दराकडे. 85.58 ने 50,000 डॉलरचे 42,79,000 रुपये होतात. म्हणजे येणे 44,000 रुपयांनी वाढले.

नोंद साधी आहे: ग्राहकाच्या खात्याला 44,000 रुपये नावे, विनिमय दरातील फरकाच्या खात्याला तेवढेच जमा. ही रक्कम नफातोटा पत्रकात जाते. विक्रीचा आकडा मात्र 42,35,000 वरच राहतो. तो माल ज्या दिवशी विकला त्या दिवसाचा आहे, त्याला पुन्हा हात लावायचा नाही. शिपिंग बिलावर कस्टम्सचा स्वतःचा अधिसूचित दर असतो आणि त्यामुळे तिथला रुपयांचा आकडा वेगळा दिसतो. तो फरक म्हणजे विनिमय नफा नव्हे.

इथे अनेक जुन्याजाणत्या व्यावसायिकांना खटकते. संभाव्य तोटा लगेच दाखवा, हाती न आलेला नफा दाखवू नका, हे आपल्याकडचे हिशेबाचे पहिले शिक्षण. मग पैसे आलेले नसताना हा नफा कसा? भारतीय सनदी लेखापाल संस्थेचे लेखामानक 11 याचे उत्तर देते. ठरावीक परकीय रकमेचे येणे किंवा देणे वर्षअखेरीच्या दराने मांडायचे, आणि फरक त्याच वर्षाच्या नफ्यातोट्यात घ्यायचा. मोठ्या कंपन्यांना लागू असलेले इंड एएस 21 सुद्धा हेच सांगते. यामागचा विचार मला पटतो. निर्यातदाराकडे असते ते 50,000 डॉलरचे येणे, रुपयांचे नव्हे. 31 मार्चचा ताळेबंद त्या दिवशीची स्थिती सांगण्यासाठी असतो, त्यामुळे तिथे डिसेंबरचा दर ठेवणे म्हणजे शिळी माहिती देणे. दर घसरला असता तर तोटाही याच नियमाने दाखवावा लागला असता.

हाच तर्क आगाऊ घेतलेल्या पैशाला लागू होत नाही. ग्राहकाने आधी डॉलर पाठवले असतील, तर आपण त्याला माल द्यायचा आहे, डॉलर परत करायचे नाहीत. म्हणून त्या रकमेचे वर्षअखेरीला फेरमूल्यांकन करत नाहीत. अनेक कार्यालयांत परदेशी ग्राहकांची सगळी खाती एकदम निवडून दर बदलला जातो आणि आगाऊ रकमाही त्यात ओढल्या जातात. तेवढी चाळणी हाताने लावावीच लागते.

आता आपल्या उदाहरणातले पैसे येऊ द्या. ग्राहकाने थोडा उशीर केला आणि मे 2025 च्या सुरुवातीला रक्कम आली. तोवर रुपया सावरला होता. बँकेने 84.30 चा दर दिला आणि खात्यात 42,15,000 रुपये पडले. बँकेचा खरेदी दर संदर्भ दरापेक्षा थोडा कमीच असतो, हेही त्यात आले. पुस्तकात येणे होते 42,79,000. म्हणजे नव्या वर्षात 64,000 रुपयांचा तोटा. दोन्ही वर्षे मिळून पाहिले, तर 44,000 नफा आणि 64,000 तोटा, एकूण 20,000 रुपयांचा तोटा. बिलाच्या दरापेक्षा 40 पैसे कमी मिळाले, त्याचाच हा हिशेब. फेरमूल्यांकनाने व्यवहाराचा अंतिम निकाल बदलत नाही, तो दोन वर्षांत वाटला जातो.

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यावर होतात. पैसे आल्यावर लेखनिक जुने बिल काढतो, 84.70 आणि 84.30 ची तुलना करतो आणि 20,000 चा तोटा नोंदवतो. मार्चमधली वाढ तो विसरलेला असतो. ही चूक ओळखण्याची खूण अगदी पक्की आहे: ग्राहकाच्या खात्यात डॉलरची शिल्लक शून्य दिसते, पण रुपयांत 44,000 उरतात. असे लोंबकळते आकडे मी वर्षानुवर्षे पुढे ओढलेले पाहिले आहेत. टॅली वापरणाऱ्यांनी ताळेबंदात `Unadjusted Forex Gain/Loss` ही ओळ दिसते का, हेही पाहावे. ती दिसली तर फरकाची जर्नल नोंद अजून झालेली नाही.

उलट चूकही होते. ग्राहकाने मालात दोष दाखवून 500 डॉलर कापले किंवा मधल्या बँकेने शुल्क घेतले, तर तो फरक विनिमय दराच्या खात्यात टाकू नये. आधी डॉलरची बेरीज जुळवावी. डॉलरच कमी आले असतील, तर ती कपात किंवा बँकखर्च आहे. डॉलर पूर्ण येऊन रुपये वेगळे असतील, तेव्हाच तो विनिमय फरक.

करआकारणीतही हा नफा खरा मानला जातो. आयकर कायदा, 1961 च्या कलम 43एए नुसार आणि उत्पन्न गणनेच्या सहाव्या मानकानुसार आपले 44,000 रुपये 2024-25 च्याच उत्पन्नात धरले जातात. मेमधला तोटा पुढच्या वर्षी वजा मिळतो. न्यायाची दुसरी बाजूही आहे: वर्षअखेरीच्या फेरमूल्यांकनातून येणारा तोटा पैसे प्रत्यक्ष चुकते होण्याआधीच वजावटीला पात्र ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये वुडवर्ड गव्हर्नर प्रकरणात मान्य केले होते. अडचण आहे ती वेळेची. आगाऊ कराचा शेवटचा हप्ता 15 मार्चला असतो आणि नफा ठरवणारा दर त्यानंतर कळतो.

त्यामुळे लहान निर्यातदारांना माझे सांगणे एवढेच, की वर्षाचा नफा पाहताना आपल्या सीएकडून विनिमय फरकाचे दोन आकडे वेगळे मागा: पैसे येऊन पक्का झालेला आणि 31 मार्चच्या दरामुळे दिसणारा. भागीदारांत वाटणी करायची असेल किंवा नवे यंत्र घ्यायचे असेल, तर दुसरा आकडा बाजूला ठेवून निर्णय घ्या.