पर्समधल्या सातशे रुपयांचा शोध

दोघींच्या सहलीचा हिशेब म्हणजे काय असतं? तू किती खर्च केलेस, मी किती केले, बेरीज करायची, निम्मे करायचे आणि जिचा खर्च कमी झाला तिने फरक दुसरीला द्यायचा. पाचवीतल्या मुलीला जमेल असं गणित. आमच्या दापोलीच्या सहलीनंतर मी ते दहा मिनिटांत केलं आणि उत्तर दोन्ही बाजूंनी जुळलं. तरीही ते उत्तर चूक होतं. चूक कशी सापडली ते सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण ती माझ्या कागदावर कुठेच दिसत नव्हती.

सहल दोन मुक्कामांची होती. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तिथून हरिहरेश्वर. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला गाडी फेरीबोटीवर चढवून सावित्रीची खाडी ओलांडली आणि पलीकडे वेश्वीला उतरलो. मग केळशी, आंजर्ले आणि तिसऱ्या दिवशी दापोली-महाडमार्गे परत. गाडी माझी. मैत्रीण बँकेत कॅशियर होती, आता निवृत्त झाली आहे. मी बहुतेक पैसे फोनवरून देते, ती जमेल तिथे रोख देते. आमच्या हिशेबात या फरकाला फार महत्त्व आलं.

माझी बाजू फोनवरूनच उतरवता आली. पहिली नोंद सहलीच्या आधीच्या आठवड्यांतली होती, हरिहरेश्वरच्या खोलीसाठी आगाऊ दिलेल्या हजार रुपयांची. यूपीआयची यादी निघालेल्या तारखेपासून वाचली तर अशी रक्कम हमखास सुटते, म्हणून खोली ठरवली त्या दिवसापासूनच वाचायला सुरुवात करावी. मग माणगावचा नाश्ता 320 आणि आंजर्ल्याचं खोली-जेवणाचं बिल 3,240. पेट्रोलचा वाद आम्ही जुन्याच रीतीने टाळतो. निघताना टाकी माझ्या पैशाने काठोकाठ भरायची, परतल्यावर त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची आणि ती दुसरी रक्कम दोघींची धरायची. गाडीत आधी किती होतं, किती उरलं, हा प्रश्नच मग राहत नाही. यंदा परतल्यावर 2,940 लागले. माझे एकूण झाले 7,500.

तिने आठवून सांगितलं. हरिहरेश्वरची खोलीची बाकी आणि जेवण मिळून 1,900, फेरीबोटीचं तिकीट 260, केळशीचा चहा-भजी 140, महाडचं जेवण 600. एकूण 2,900. दापोलीत तिने स्वतःसाठी आमसुलं आणि फणसपोळी घेतली होती 450 ची. ती सामायिक नव्हती, म्हणून बाहेर ठेवली.

दोघींचा मिळून खर्च 10,400, प्रत्येकीच्या वाट्याला 5,200. माझे 2,300 जास्त गेले होते, तिचे 2,300 कमी. दोन्हीकडून एकच आकडा आला की हिशेब बरोबर आहे असं आपण धरून चालतो. तिने फोन हातात घेतला, पण पैसे पाठवायच्या आधी म्हणाली, "थांब गं, माझी रोकड अजून जुळवली नाही."

मला आधी ते अनावश्यक वाटलं. दोन्ही बाजू जुळल्यावर आणखी काय जुळवायचं? तिने समजावलं ते असं. एखादा खर्च लिहायचाच राहिला तर तो एकूण बेरजेतून जातो आणि तो करणारीच्या रकमेतूनही जातो. उरलेले आकडे आपसांत जुळतातच. बँकेत तेरीज जुळली म्हणून कुणी निश्चिंत होत नाही तेही याचसाठी. मुळात जी नोंद झालीच नाही, तिचा पत्ता तेरजेला लागत नाही. ती पकडते रोकड, कारण ड्रॉवरमधल्या नोटा आपण काय लिहिलं त्यावर अवलंबून नसतात. खर्च वाटून देणारी फोनमधली अ‍ॅप वापरली तरी हीच मर्यादा राहते. त्यांत जे भरलं तेवढंच ती वाटतात.

रोकड जुळवायची तर सुरुवातीचा आकडा हवा, आणि तो तिच्याकडे होता. निघायच्या दिवशी सकाळी तिने एटीएममधून पाचशेच्या दहा नोटा काढल्या होत्या आणि पर्समध्ये आधीचे 240 होते. म्हणजे 5,240. त्यातून सामायिक 2,900 आणि स्वतःचे 450 गेले, तर 1,890 उरायला हवे होते.

तिने पर्स टेबलावर रिकामी केली. नोटा किमतीप्रमाणे वेगळ्या लावल्या, सगळ्यांची तोंडं एका बाजूला केली आणि मोजल्या. मग गठ्ठा उलटा करून दुसऱ्या टोकाकडून मोजल्या. नव्या कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटतात, त्यामुळे एकाच दिशेने दोनदा मोजलं तर तीच चूक दोनदा होऊ शकते. पर्सचे आतले कप्पे, चष्म्याची केस, गाडीतला चिल्लरचा डबा, सगळं पाहून झालं. पाचशेच्या दोन नोटा आणि वर 190. एकूण 1,190.

सातशे कमी.

आता तिच्यातली कॅशियर पुरती जागी झाली. पहिली गोष्ट तिने केली ती म्हणजे 700 ला नऊने भागून पाहिलं. भाग पूर्ण जात नव्हता. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर आकडे उलटसुलट लिहिले गेल्याचा संशय घ्यायचा, ही कॅशियर लोकांची जुनी कसोटी. समजा 620 दिले आणि लिहिताना 260 लिहिले, तर फरक 360 येतो आणि त्याला नऊने भाग जातो. इथे तसं नव्हतं, त्यामुळे उलटसुलट लिहिलेला आकडा शोधत बसण्यात अर्थ नव्हता. सुट्टे घेताना गफलत झाली असेल, असंही मी सुचवलं. तिने मान हलवली. सुट्ट्यांची गफलत दहा, पन्नास, फार तर शंभराची असते, पाचशेची एक नोट आणि वर दोनशे असा फरक तिथून येत नाही. हा एखादा अख्खा खर्चच होता.

मग प्रश्न उरला तो कधी झाला हा. तिने नोटांचा माग काढला. दहापैकी चार नोटा हरिहरेश्वरला गेल्या, सहा उरल्या. फेरीबोटीचं तिकीट सुट्ट्यांतून दिलं. केळशीच्या टपरीवर एक नोट मोडली, राहिल्या पाच. त्यानंतर लिहिलेला रोखीचा पुढचा खर्च थेट दुसऱ्या दिवशी दापोलीतला. पण आंजर्ल्याला झोपायच्या आधी तिने सवयीने पाचशेच्या नोटा मोजल्या होत्या, तेव्हा त्या चार होत्या हे तिला पक्कं आठवत होतं. म्हणजे केळशीचा चहा आणि आंजर्ल्याची रात्र यांच्यामध्ये एक नोट गेली होती. तीन दिवसांचा शोध एका संध्याकाळवर आला.

त्या संध्याकाळी आपण काय केलं, हे मी फोनमधल्या फोटोंवरून पाहायला सुरुवात केली. प्रत्येक फोटोवर वेळ असते, पावती नसली तरी ती खुणेला पुरते. केळशीनंतर कड्यावरचा गणपती, मग पाच वाजून दहा मिनिटांचा फोटो हर्णै बंदरावरचा. मागे समुद्रात सुवर्णदुर्ग, पुढे वाळूत होड्यांपर्यंत गेलेल्या बैलगाड्या, लिलावाभोवतीची गर्दी. पुढच्या फोटोत मैत्रीण एका कोळणीसमोर वाकून उभी आणि कोळणीच्या हातात सुरमईचा तुकडा.

"अगं, मासे!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

लिलावात मोठे व्यापारी घेतात, आपल्यासारख्यांनी बाजूला बसलेल्या कोळणींकडून घ्यायचे. तिने सुरमई आणि कोळंबीचा एक वाटा मिळून सातशे सांगितले होते, पाचशेची एक नोट आणि दोनशे सुट्टे हातावर दिले. चिठ्ठी नाही, फोनवर संदेश नाही. पिशवी नेऊन आम्ही मुक्कामाच्या काकूंकडे दिली, त्यांनी कालवण आणि तळलेल्या तुकड्या करून वाढल्या.

इतकं चवीने खाल्लेलं जेवण आणि त्याचाच खर्च कसा विसरला? मला यातलं कारण महत्त्वाचं वाटतं. जेवण आम्ही विसरलोच नव्हतो. आठवताना 'आंजर्ल्याचं रात्रीचं जेवण' दोघींच्याही डोळ्यांसमोर आलं होतं. पण त्याच्यापुढे आकडा आधीच होता, माझ्या 3,240 च्या बिलातला. काकूंनी त्यात फक्त रांधण्याचे, मसाल्याचे, भात-भाकरीचे पैसे लावले होते. एकाच गोष्टीसाठी दोन ठिकाणी पैसे गेले आणि त्यातली एक नोंद दिसताच मनाने त्या जेवणावर खूण करून टाकली. सुटलेले खर्च बहुतेक वेळा असेच लिहिलेल्या खर्चाच्या आड असतात. खोलीच्या बिलाआड आगाऊ रक्कम, देवळाच्या भेटीआड पार्किंग, होडीच्या भाड्याआड नावाड्याला वर दिलेले पन्नास. म्हणून यादी वाचताना 'आपण काय काय केलं' असं विचारून भागत नाही. प्रत्येक नोंदीपाशी थांबून 'याच कामासाठी आणखी कुणाच्या हातावर पैसे ठेवले का' असं विचारावं लागतं.

मासे दोघींनी खाल्ले, म्हणून खर्च सामायिक. तिचे 2,900 चे 3,600 झाले, एकूण 11,100, वाटा 5,550. आता तिने मला द्यायचे होते 1,950. सातशेचा खर्च सापडला, पण देण्यात फरक पडला 350 चा, कारण अर्धे तिचे तिनेच सोसायचे होते. तिने पर्समधली रोकड पुन्हा एकदा कागदाशी लावून पाहिली. 5,240 मधून 3,600 आणि 450 वजा, 1,190. समोरच्या नोटाही तेवढ्याच. मगच तिने पैसे पाठवले.

ही पद्धत चालली ती दोन गोष्टींमुळे. तिला सुरुवातीची रोकड माहीत होती आणि स्वतःसाठी काय घेतलं तेही आठवत होतं. यातलं एक जरी नसतं तर सातशेची तूट कुठली, हे ठरवता आलं नसतं. तशी तूट सापडलीच नाही तर ती अंदाजाने सामायिक खर्चात घालू नये, असं माझं मत आहे. ज्या खर्चाची दोघींनाही खूण पटत नाही, तो दुसरीकडे मागणं बरोबर नाही. पण ती वेळच येऊ नये म्हणून सहलीला निघायच्या सकाळी दोघांनीही आपापलं पाकीट मोजा आणि हिशेबाच्या कागदावर पहिली ओळ त्या रोकडीची लिहा.