थंडरबोल्ट केबल की साधी टाईप सी? खरेदीआधी हे तपासा!



समजा, तुमचा लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय आहे. 100 जीबीचं फुटेज एक्स्टर्नल एसएसडीवरून लॅपटॉपमध्ये घ्यायचंय. हाताशी मोबाईलच्या चार्जरची केबल होती, ती लावली. कॉपी व्हायला चाळीस मिनिटं लागली! आता तुम्ही म्हणणार, एसएसडी खराब निघाली. पण थांबा, दोष केबलचा आहे.

टाईप सी हे फक्त पिनेच्या आकाराचं नाव आहे. आतल्या वायरिंगबद्दल ते काहीच सांगत नाही. चार्जरसोबत येणाऱ्या बहुतेक केबल 480 एमबीपीएसच्या असतात, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम 40 एमबी. थंडरबोल्ट 3 आणि 4 चा वेग मात्र 40 जीबीपीएसपर्यंत जातो.

मग ओळखायची कशी? केबलची पिन नीट बघा. थंडरबोल्टच्या पिनेवर विजेची खूण असते, तिच्या खालच्या टोकाला बाण असतो आणि शेजारी बहुतेक वेळा 3, 4 किंवा 5 आकडा असतो. साध्या केबलवर बऱ्याचदा काहीच नसतं. काहींवर फक्त वॅट लिहिलेले असतात. 100 वॅट वाचून फसू नका, तो चार्जिंगचा आकडा आहे, डेटाच्या वेगाचा नाही.

पण खूण नकलीही असू शकते, म्हणून केबल घेतल्यावर चाचणी कराच. वेगवान एसएसडीवरून 10 जीबीची एकच फाईल लॅपटॉपमध्ये कॉपी करा. चार मिनिटांच्या आसपास वेळ लागला, तर ती 480 एमबीपीएसचीच केबल समजा. काही सेकंदांत काम झालं, तर केबल वेगवान आहे.

आता पैशाचं बोलू. थंडरबोल्ट केबल बरीच महाग असते आणि तिचा वेग मिळायला लॅपटॉपचा पोर्ट आणि डिव्हाईस, दोन्ही थंडरबोल्ट लागतात. तुमची एसएसडी 10 जीबीपीएसची असेल, तर 10 जीबीपीएस लिहिलेली साधी टाईप सी केबल पुरते. त्या केबलनेही वरचं 100 जीबी फुटेज साधारण दोन-तीन मिनिटांत येतं. अशा एसएसडीला थंडरबोल्ट केबल लावून वेग वाढणार नाही.

मोबाईल, ब्लूटूथ स्पीकर, बिलिंगचा छोटा प्रिंटर यांना तर चार्जरची केबलच बरी. थंडरबोल्ट घ्यायची ती थंडरबोल्ट एसएसडीसाठी, किंवा एकाच केबलवर दोन मॉनिटर, डेटा आणि लॅपटॉपचं चार्जिंग चालवणाऱ्या थंडरबोल्ट डॉकसाठी.

आणि एक सवय लावून घ्या. वेगवान केबलला रंगीत टेप गुंडाळा आणि ती एसएसडीच्या पाऊचमध्येच ठेवा. नाहीतर कुणीतरी ती मोबाईल चार्जिंगला नेणार, आणि ऐन डिलिव्हरीच्या दिवशी तुम्ही पुन्हा चाळीस मिनिटं स्क्रीनकडे बघत बसणार!