तारीख मागितली म्हणून ऑफर जात नाही

एप्रिल-मे आला की औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकांपासून वाळूजच्या बसथांब्यापर्यंत शेवटच्या वर्षाची मुलं एकमेकांना एकच सल्ला देताना ऐकू येतात : 'परीक्षेचं नावसुद्धा काढू नकोस. जॉइनिंग पुढे मागितलंस की ऑफर कॅन्सल!' सांगणारा बहुधा दोन वर्षं पुढचा सीनियर असतो, त्यामुळे कोणी उलट विचारत नाही. या सल्ल्यापायी हातची नोकरी आणि पदवी दोन्ही अडचणीत आलेली मुलं असतात, म्हणून त्याचा राग येतो.

नव्या पदवीधराच्या ऑफर लेटरमध्ये साधारणपणे एक अट असते : अंतिम वर्ष उत्तीर्ण झालेलं असलं पाहिजे, कोणताही विषय मागे राहिलेला नसावा. आता गप्प बसलेल्या मुलाचं काय होतं ते पाहा. तो 18 मेला रुजू होतो, पेपर 29 मेपर्यंत असतात. प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यांत सुट्टी मिळत नाही, एखादा पेपर बुडतो, विषय हिवाळी परीक्षेवर जातो. ज्या ऑफरसाठी तो गप्प बसला, तिचीच अट त्याने मोडलेली असते.

कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 7 नुसार स्वीकृती पूर्ण आणि विनाअट असावी लागते. 'मला ऑफर मान्य आहे, पण 15 जूनपासूनच येईन' असं लिहिलं तर ती स्वीकृती होत नाही. तो तुमचा नवा प्रस्ताव ठरतो आणि मूळ प्रस्ताव संपला असं कंपनी म्हणू शकते. सीनियरच्या सल्ल्यात खरेपणाचा कण असेल तर तो एवढाच. नुसती चौकशी मात्र प्रस्ताव मोडत नाही. 1880 च्या 'स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन' या इंग्लंडमधल्या खटल्यात नेमका मुदतीचाच प्रश्न होता. लोखंड घेणाऱ्याने तारेने विचारलं, माल दोन महिन्यांत विभागून द्याल का? विकणाऱ्याने त्याला नकार समजून माल दुसऱ्याला विकला. न्यायालयाने सांगितलं, ही फक्त विचारणा होती, मूळ प्रस्ताव जिवंतच होता.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी ऑफर आहे त्या तारखेसह, त्यांनी सांगितलेल्या पद्धतीने स्वीकारायची. मग वेगळ्या मेलमध्ये तारखेची विनंती करायची. ऑफर लेटरवर बहुधा दोन तारखा असतात, स्वीकारण्याची अंतिम तारीख आणि रुजू होण्याची. पुष्कळ मुलं दुसरीची चर्चा करता करता पहिली उलटून जाऊ देतात. ती उलटली की प्रस्ताव मुदतीने संपतो, आणि मग मुलगा सांगत फिरतो की तारीख मागितली म्हणून ऑफर गेली.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. समजा, मराठवाडा विद्यापीठाच्या एका कॉलेजातली बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सची विद्यार्थिनी आहे. पुण्यातल्या कंपनीने 18 मे दिली आहे. शेवटचा पेपर 29 मेला, प्रोजेक्टची तोंडी परीक्षा 4 जूनच्या आसपास, पण ती तारीख कॉलेज नंतर कळवणार. तिने 5 जून मागावी का? नाही. पुढे ढकललेला पेपर सहसा वेळापत्रकाच्या शेवटी लागतो, तोंडी परीक्षा दोन-चार दिवस सरकते, शिवाय पुण्यात खोली बघायची आहे. तिने एकदाच 15 जून मागावी. पहिली विनंती बहुतेक ठिकाणी समजून घेतली जाते. विश्वास उडतो तो दुसऱ्यांदा मुदत मागितल्यावर.

मेल तीन-चार वाक्यांचा पुरे. 'मी काल ऑफर स्वीकारली आहे. माझी अंतिम सत्राची लेखी परीक्षा 29 मेला संपते आणि तोंडी परीक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे. विद्यापीठाचं वेळापत्रक सोबत जोडलं आहे. 15 जूनला रुजू होता येईल का? ते शक्य नसेल तर प्रशिक्षणाची पुढची बॅच कधी आहे, ते कृपया कळवावं.' शेवटचं वाक्य गाळू नका. कंपनी नव्या मुलांना बॅचने घेत असेल तर मधल्या एका तारखेला एकट्या मुलीसाठी प्रशिक्षण सुरू करता येत नाही, पुढच्या बॅचमध्ये नाव मात्र घालता येतं. हॉल तिकीट परीक्षेच्या तोंडावर येतं, त्याची वाट पाहू नका. वेळापत्रकही लागलं नसेल तर परीक्षेचा अपेक्षित काळ लिहिलेलं पत्र विभागप्रमुखांकडून घ्या. आणि हे स्वीकृतीनंतर लगेच करा. रुजू व्हायच्या आठवड्यात कळवलं तर तोवर लॅपटॉप, ओळखपत्र, बॅचमधली जागा सगळं ठरलेलं असतं.

'पण मला तर रिक्रूटरनेच नकार दिला!' हेही ऐकू येतं. कोणत्या रिक्रूटरने? चिकलठाणा, शेंद्रा, वाळूजच्या भरतीत कन्सल्टन्सी पुष्कळ असतात, आणि त्यांचं बिल साधारणपणे उमेदवार रुजू झाल्यावरच निघतं. तुम्ही महिनाभर लांबलात तर त्यांचे पैसे लांबतात. त्यांचा नकार म्हणजे कंपनीचा नकार नव्हे. ऑफर लेटरवर ज्याची सही आहे त्या एचआर अधिकाऱ्याला मेल करा, कन्सल्टन्सीला प्रत पाठवा.

खरा नकारही येऊ शकतो. नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाकडून काम समजून घ्यायचं असेल तर कंपनीला थांबता येत नाही. अशा वेळी पेपरच्या दिवसांची बिनपगारी रजा रुजू होण्याआधीच लेखी मागा. तीही नाकारली तर निवड तुमची; कंपनी ऑफर मागे घेऊ शकते, आणि 'नोकरी द्याच' असा हुकूम खासगी नोकरीत न्यायालय सहसा देत नाही.

आता उरलेले समज. 'निकालापर्यंतच मुदत मागावी' : नको. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 निकालाला 30, फार तर 45 दिवस देतो, पण 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले ते कुलगुरूंना पद गमवावं लागण्यापर्यंत. निकाल बाकी असताना रुजू करून घेऊन गुणपत्रिका नंतर मागणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत, तेवढं विचारून घ्या. 'कोर्स म्हणजे परीक्षाच' : खासगी कोर्सला हॉल तिकीट नसतं, म्हणून त्याच्या शेवटच्या दिवसाचं पत्र जोडा, आणि आधी शनिवार-रविवारची बॅच मिळते का ते पाहा. 'आजारपण सांगितलं की बरं' : गुणपत्रिकेवर परीक्षेचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, तीच गुणपत्रिका पडताळणीला जाते, तेव्हा खोटं उघडं पडतं. 'फोनवर हो म्हणाले, झालं' : झालं नाही. नवी तारीख मेलवर किंवा सुधारित ऑफर लेटरवर घ्या, आणि त्यात जुन्या तारखेला रुजू न झाल्यास ऑफर रद्द होईल, ही ओळ तशीच राहिलेली नाही ना, ते वाचून पाहा.