ओळीतला सर्वांत मोठा आकडा आणि एका डॉलरची जागा

“ताई, चांदवड रोजच पिवळं कसं दिसतंय? रोज काय तिथेच भाव जास्त असतो का?”

माझा मावसभाऊ निफाड तालुक्यात कांदा पिकवतो. आजूबाजूच्या पाच बाजार समित्यांचे सर्वसाधारण भाव तो आधी वहीत उतरवायचा, आता एक्सेलमध्ये भरतो. एक ओळ म्हणजे एक दिवस आणि एक कॉलम म्हणजे एक बाजार. त्या दिवशी कुठे सर्वांत चांगला भाव निघाला ते नजर टाकताच दिसावं, म्हणून प्रत्येक ओळीतला मोठा आकडा पिवळा करणारा नियम त्याने लावला होता. त्या नियमाप्रमाणे चांदवड एकही दिवस सुटत नव्हतं. फॉर्म्युल्यात एक चिन्ह राहून गेलं होतं, डॉलरचं.

त्याच्या तक्त्यासारख्याच तीन ओळी इथे घेते. आकडे समजण्यापुरते आहेत, रुपये प्रतिक्विंटलमध्ये. पहिल्या ओळीत बाजारांची नावं आणि A कॉलममध्ये तारखा असल्यामुळे भाव B2 या सेलपासून सुरू होतात.

| | B लासलगाव | C पिंपळगाव | D येवला | E मनमाड | F चांदवड |
|---|---|---|---|---|---|
| ओळ २ | १८४० | १९१० | १७८० | १७५० | १८२० |
| ओळ ३ | १९०० | १८७० | १८०० | १८१५ | १९२५ |
| ओळ ४ | १७६० | १७९० | १८२० | १७०० | १७४० |

एक्सेलमध्ये ‘वरचे दहा’ दाखवणारा तयार नियम आहे आणि दहाच्या जागी एक लिहिता येतो. पण तो निवडलेला सगळा तक्ता एकत्र पाहतो आणि महिनाभरातला एकच सर्वांत मोठा आकडा रंगवतो. आपल्याला रोजचा वेगळा विजेता हवा आहे, म्हणून नियम फॉर्म्युल्याने लिहावा लागतो. B2 पासून F31 पर्यंतचे सेल निवडायचे, Home मधल्या Conditional Formatting वर जाऊन New Rule उघडायचं आणि Use a formula to determine which cells to format हा पर्याय घ्यायचा. तिथल्या चौकटीत हे लिहायचं:

```
=B2=MAX($B2:$F2)
```

नंतर Format मधून रंग निवडायचा. पहिलं बरोबरचं चिन्ह ‘हा फॉर्म्युला आहे’ एवढंच सांगतं. दुसरं प्रश्न विचारतं: B2 मधला आकडा B2 ते F2 मधल्या सर्वांत मोठ्या आकड्याएवढा आहे का? उत्तर हो आलं तर सेल रंगतो, नाही आलं तर कोरा राहतो.

आपण फॉर्म्युला एकदाच लिहितो, पण एक्सेल तो निवडलेल्या प्रत्येक सेलला स्वतंत्रपणे लावून बघतं. उजवीकडच्या सेलवर जाताना फॉर्म्युल्यातली अक्षरं एकेक घर पुढे सरकतात, खालच्या सेलवर जाताना ओळींचे क्रमांक वाढतात. ज्याच्या आधी डॉलर असतो ते मात्र जागचं हलत नाही. $B2 मध्ये B बांधलेला आहे आणि २ मोकळा आहे. म्हणून D4 ची पाळी आली की प्रश्न असा होतो:

```
=D4=MAX($B4:$F4)
```

तुलना करणारा सेल D4 झाला, ओळ चौथी झाली, पण ओळीची दोन टोकं B आणि F तिथेच राहिली. D4 मध्ये १८२० आहे आणि चौथ्या ओळीत तोच सर्वांत मोठा आहे, म्हणून येवल्याचा सेल रंगला. अर्ध्या बांधलेल्या, अर्ध्या मोकळ्या अशा पत्त्याला मिश्र संदर्भ म्हणतात.

या डॉलरचा पैशाशी काही संबंध नाही. १९७९ साली आलेल्या व्हिजिकॅल्क या पहिल्या लोकप्रिय स्प्रेडशीटमध्ये फॉर्म्युला दुसरीकडे उतरवताना प्रत्येक पत्त्यासाठी विचारलं जायचं, हा सरकू द्यायचा की तसाच ठेवायचा? १९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये ते उत्तर पत्त्यातच डॉलर लावून लिहिलेलं असायचं. एक्सेलमध्येही तीच पद्धत आहे. डॉलर म्हणजे ‘हलू नकोस’ एवढंच.

आता भावाच्या चांदवडकडे वळू. त्याने लिहिलं होतं:

```
=B2=MAX(B2:F2)
```

B2 पुरतं हे अगदी बरोबर आहे. पण C2 वर गेल्यावर कंस C2 ते G2 होतो, D2 वर D2 ते H2. म्हणजे प्रत्येक बाजाराची तुलना स्वतःशी आणि फक्त उजवीकडच्या बाजारांशी होते. दुसऱ्या ओळीत पिंपळगावचे १९१० रंगले, ते योग्यच. पण चांदवडच्या F2 ची तुलना F2 ते J2 शी झाली. पुढचे सेल रिकामे आणि MAX रिकामे सेल धरत नाही, त्यामुळे १८२० ला कोणी प्रतिस्पर्धीच उरला नाही. शेवटचा कॉलम असा रोज जिंकतो. तिसऱ्या ओळीत चांदवडचाच भाव खरोखर जास्त होता, म्हणून ती ओळ योगायोगाने बरोबर दिसली. याच कारणाने ही चूक लवकर पकडली जात नाही. एका ओळीत दोन वेगवेगळे आकडे रंगलेले दिसले, किंवा शेवटचा कॉलम वरपासून खालपर्यंत रंगला, तर कंसातले डॉलर आधी तपासावेत.

याच्या उलट चूकही तितकीच होते आणि तिच्यात आपला दोष कमी असतो. फॉर्म्युला हाताने न लिहिता माउसने सेल निवडले, तर या चौकटीत एक्सेल आपण होऊन दोन्हीकडे डॉलर लावतं, $B$2:$F$2. मग महिन्याचा प्रत्येक दिवस दुसऱ्या ओळीतल्या १९१० शी ताडला जातो. पहिला दिवस बरोबर रंगतो आणि खाली काहीच रंगत नाही. एखाद्या दिवशी नेमके १९१० आले तरच तो सेल रंगेल, मग त्या दिवशी दुसरीकडे दोन हजार का निघेनात. अशा वेळी पत्त्यावर कर्सर ठेवून F4 दाबत राहावं. डॉलर दोन्हीकडे, मग फक्त आकड्याआधी, मग फक्त अक्षराआधी, मग कुठेच नाही, असा फेरा चालतो. आपल्याला तिसरा थांबा हवा.

फॉर्म्युला बरोबर असूनही रंग भलतीकडे पडले, तर सेल कुठून निवडले ते आठवावं. एक्सेल चौकटीतला फॉर्म्युला सक्रिय सेलसाठी लिहिला आहे असं धरतं. निवडलेल्या भागात जो एक सेल पांढरा राहतो तो सक्रिय, आणि त्याचा पत्ता डावीकडे वरच्या छोट्या चौकटीत दिसतो. आपण F31 पासून सुरू करून वर B2 पर्यंत ओढत आलो, तर सक्रिय सेल F31 असतो. मग B2 साठी लिहिलेला प्रश्न F31 ला विचारला जातो आणि सगळी मांडणी सरकते. म्हणून निवड नेहमी डाव्या वरच्या कोपऱ्यातून करावी. गुगल शीट्समध्ये ही अडचण येत नाही. तिथे Custom formula is मध्ये हाच फॉर्म्युला चालतो आणि तो दिलेल्या पट्ट्याच्या डाव्या वरच्या सेलपासून मोजला जातो.

नियम नीट लागल्यावर भावाच्या तक्त्यात आणखी दोन गोष्टी निघाल्या. पाचही बाजार बंद असलेल्या दिवसाची ओळ त्याने रिकामी सोडली होती आणि तीच अख्खी पिवळी झाली. रिकाम्या ओळीचा MAX शून्य येतो आणि तुलनेत रिकामा सेलही शून्यच धरला जातो, त्यामुळे पाचही सेल ‘सर्वांत मोठे’ ठरले. त्यावर उपाय सोपा, सेल रिकामा नसावा ही अट जोडायची:

```
=AND(B2<>"",B2=MAX($B2:$F2))
```

दुसरी गोष्ट जास्त फसवी होती. एका दिवशी पिंपळगावला १९५० असूनही लासलगावचे १८९० पिवळे दिसत होते. भावाने तो आकडा मोबाइलवरच्या निरोपातून जसाच्या तसा उचलला होता, शेवटच्या रेघेसकट: `1950/-`. आपल्याला हे पैसेच वाटतात, पण एक्सेलच्या लेखी तो मजकूर आहे आणि MAX मजकूर बाजूला ठेवून पुढे जातो. संख्या सेलच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या. मुद्दाम बदललं नसेल तर हा फरक डोळ्यांना कळतो. खात्री करायची तर ओळीच्या शेवटी COUNT लावावा. पाच भाव भरलेले असताना तो चार म्हणाला, तर एक आकडा हा आकडाच नाही.

हे सगळं झाल्यावर भाऊ म्हणाला, “ताई, जास्त भाव दिसला खरा, पण पिंपळगावला ट्रॅक्टर न्यायचं भाडं कोण देणार?” प्रश्न रास्त होता. ४० व्या ओळीत आम्ही प्रत्येक बाजाराचा क्विंटलमागे वाहतुकीचा खर्च लिहिला: लासलगाव २०, पिंपळगाव ९५, येवला ८०, मनमाड १००, चांदवड ८५. मग H2 मध्ये हातात पडणाऱ्या रकमेचा फॉर्म्युला लिहिला आणि तो L कॉलमपर्यंत व खाली ३१ व्या ओळीपर्यंत ओढला:

```
=IF(B2="","",B2-B$40)
```

इथे डॉलरची जागा बदलली. खर्च ४० व्या ओळीतच राहायला हवा, म्हणून आकडा बांधला. बाजार मात्र बदलत जायला हवा, म्हणून अक्षर मोकळं ठेवलं. या नव्या भागाला रंगाचा नियम पहिल्यासारखाच लावला, H2 पासून निवडून:

```
=H2=MAX($H2:$L2)
```

बंद दिवसाच्या ओळीत इथे कोरा मजकूर येतो आणि तो शून्याबरोबर जुळत नाही, त्यामुळे वेगळी अट घालायची गरज पडली नाही.

रंग हलले. दुसऱ्या ओळीत पिंपळगावचे १८१५ हातात येत होते आणि लासलगावचे १८२०. तिसऱ्या ओळीत चांदवडचे १९२५ खर्च वजा जाता १८४० झाले आणि लासलगाव १८८० वर राहिलं. चौथ्या ओळीत मात्र दोन सेल पिवळे होते, लासलगाव आणि येवला. “परत चूक?” भावाने विचारलं आणि कंसातले डॉलर मोजायला लागला. डॉलर जागेवर होते. १७६० वजा २० आणि १८२० वजा ८०, दोन्हीकडे १७४० च उरत होते.